वर्ड एम्बेडिंग: शब्दाचे आकडे कुठून येतात आणि काय सांगतात? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इथे कुठलंही मॉडेल शिकवायचं नाही. कागद-पेन्सिल घेऊन मोजणी करायची आणि शब्दांच्या अर्थातलं साम्य आकड्यांत उतरतं कसं, ते पाहायचं. गणित शाळेतल्या वर्गमुळापलीकडे जात नाही. एका ठिकाणी लॉगॅरिदम येतो, तोही नावापुरता.

वर्ड एम्बेडिंग म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक शब्दासमोर लिहिलेली आकड्यांची एक रांग. या रांगेला व्हेक्टर म्हणतात, गणिताच्या पुस्तकातला सदिश तो हाच. रांगेत बहुधा १०० ते ३०० आकडे असतात आणि सगळ्या शब्दांच्या रांगांची लांबी एकच असते. तयार एम्बेडिंगची फाइल उघडलीत तर प्रत्यक्षात एवढंच दिसतं: ओळीच्या सुरुवातीला शब्द आणि पुढे दशांश चिन्हवाले आकडे, काही धन, काही ऋण.

या रांगांकडून अपेक्षा एकच असते. ज्या शब्दांचा वापर सारखा, त्यांच्या रांगा अवकाशात साधारण एकाच दिशेला जायला हव्यात.

शब्दांना सरळ क्रमांक दिले तर काय बिघडतं?

नदी १, ओढा २, कादंबरी ३ असे क्रमांक दिले तर ओढा हा नदीला जितका जवळचा तितकाच कादंबरीलाही, असं गणित म्हणू लागतं. क्रमांकाचा उपयोग ओळख पटवण्यापुरता आहे, नातं त्यातून कळत नाही.

पण मग अर्थ यंत्राला सांगतं कोण?

कोणीच नाही. अर्थ शब्दाच्या शेजाऱ्यांवरून ताडला जातो. भाषाशास्त्रज्ञ झेलिग हॅरिस यांनी १९५४ साली ही गोष्ट पद्धतशीरपणे मांडली: सारख्या अर्थाचे शब्द सारख्याच परिसरात वापरले जातात. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून.

पटत नसेल तर ही तीन वाक्यं वाचा. ‘टोंदराला पूर आला.’ ‘टोंदरावरचा पूल खचला.’ ‘उन्हाळ्यात टोंदर कोरडा पडतो.’ टोंदर हा शब्द मी आत्ता बनवला. तरीही तो पाण्याचा एखादा प्रवाह असणार, बहुधा ओढ्यासारखा, हे तुम्हाला कळलंच. व्याख्या कोणी दिली नाही, चित्रही दाखवलं नाही. पूर, पूल आणि कोरडा पडणं, एवढ्या शेजाऱ्यांवरून काम भागलं. एम्बेडिंग हेच करतं, फक्त तीनऐवजी कोट्यवधी वाक्यांवर.

हे प्रत्यक्ष मोजून दाखवता येईल का?

येईल. आधी एकच वाक्य घेऊ: ‘पावसाळ्यात नदीला पूर आला आणि जुना पूल वाहून गेला.’ नदी या शब्दाच्या डावी-उजवीकडचे पाच-पाच शब्द बघायचे असं ठरवू. या मर्यादेला खिडकी म्हणतात. डावीकडे एकच शब्द आहे, पावसाळ्यात. उजवीकडे पूर, आला, आणि, जुना, पूल. या प्रत्येकाच्या नावापुढे नदीच्या खात्यात एक-एक जमा झाला. ‘वाहून’ आणि ‘गेला’ खिडकीबाहेर राहिले. (‘नदीला’ हे नदीच्याच खात्यात धरलंय. तसं न धरल्यास काय होतं, ते मराठीबद्दलच्या प्रश्नात येईल.)

असं मोठ्या मजकुरावर करत गेलं की तक्ता तयार होतो. खालचे आकडे उदाहरणासाठी मी ठरवलेले आहेत. रकाने तीनच ठेवलेत, म्हणजे हिशेब हाताने करता येईल.

| शब्द | पाणी | पूल | वाचणे |
|---|---|---|---|
| नदी | २४ | १२ | २ |
| ओढा | ४ | २ | ० |
| कादंबरी | १ | ० | ९ |

प्रत्येक आडवी ओळ हा त्या शब्दाचा व्हेक्टर. नदी म्हणजे (२४, १२, २). झालं एम्बेडिंग, निदान त्याचं पहिलं रूप. आता साम्य मोजायचं.

दोन ओळींतले समोरासमोरचे आकडे गुणायचे आणि बेरीज करायची. नदी आणि ओढा: २४×४ + १२×२ + २×० = १२०. मग प्रत्येक ओळीची लांबी काढायची, म्हणजे आकड्यांचे वर्ग, त्यांची बेरीज, तिचं वर्गमूळ. नदीची लांबी √७२४, म्हणजे २६.९१. ओढ्याची √२०, म्हणजे ४.४७. आता १२० ला या दोन लांबींच्या गुणाकाराने भागायचं. उत्तर येतं ०.९९७.

या उत्तराला कोसाइन म्हणतात. दोन व्हेक्टर एकाच दिशेला असले की ते १ येतं, काटकोनात असले की ०. नदी आणि कादंबरी यांचं उत्तर ०.१७२, ओढा आणि कादंबरी यांचं ०.०९९. नदी हा शब्द काय आहे याची गंधवार्ता नसलेल्या हिशेबाने नदी-ओढा एका बाजूला टाकले आणि कादंबरी वेगळी काढली.

पडताळून पाहायचं असल्यास पायथॉनमध्ये एवढं पुरतं:

```python
import numpy as np

def cos(a, b):
    return a @ b / (np.linalg.norm(a) * np.linalg.norm(b))

nadi      = np.array([24, 12, 2])
odha      = np.array([4, 2, 0])
kadambari = np.array([1, 0, 9])

print(cos(nadi, odha), cos(nadi, kadambari), cos(odha, kadambari))
```

कोसाइनच का? दोन बिंदूंमधलं साधं अंतर का नाही?

वरच्याच तक्त्यावर करून बघा. नदी आणि ओढा यांच्यातलं सरळ अंतर येतं २२.४५. ओढा आणि कादंबरी यांच्यातलं ९.७०. म्हणजे ओढा हा नदीपेक्षा कादंबरीला जवळचा ठरला!

गोम अशी की नदी हा शब्द मजकुरात जास्त वेळा येतो, त्यामुळे तिचे सगळेच आकडे मोठे. अंतराच्या हिशेबात हा मोठेपणा अर्थावर मात करतो. कोसाइन लांबी भागून टाकतं आणि फक्त दिशा बघतं. ओढ्याचे आकडे नदीच्या सहाव्या हिश्श्याएवढे असले तरी पाणी आणि पूल यांचं आपसातलं प्रमाण दोन्हीकडे तेच आहे, दोनास एक. कोसाइनने पकडलं ते हे प्रमाण.

‘आहे’, ‘आणि’ असे शब्द तर सगळ्यांच्याच शेजारी असतात. त्यांचं काय?

नुसत्या मोजणीची खरी अडचण हीच. तक्त्यात ‘आहे’ हा चौथा रकाना टाकू: नदी ९०, ओढा १५, कादंबरी ६०. पुन्हा कोसाइन काढलं तर नदी-कादंबरीचा आकडा ०.१७ वरून थेट ०.९५ वर जातो. ओढा-कादंबरीही ०.९५. एका निरर्थक रकान्याने सगळे शब्द एकमेकांचे सख्खे भाऊ करून टाकले.

असे शब्द यादी करून गाळता येतात, पण ते काम कधी संपत नाही आणि कुठला शब्द निरर्थक हे विषयागणिक बदलतं. चांगला उपाय म्हणजे प्रश्नच बदलायचा. ही जोडी किती वेळा आली, असं विचारायचं नाही. निव्वळ योगायोगाने जितकी यायला हवी होती त्याच्या किती पट आली, असं विचारायचं.

समजा खिडकीतून मोजलेल्या सगळ्या जोड्या १,००,००० आहेत. त्यातल्या १,००० नदीच्या, ९,००० ‘आहे’च्या, ३०० पाण्याच्या. शब्द वाटेल तसे विखुरले असते तर नदी आणि ‘आहे’ एकत्र किती वेळा आले असते? १,००० × ९,००० भागिले १,००,०००, म्हणजे ९०. प्रत्यक्षात आले ९०. पट १. या जोडीत बातमी काहीच नाही. आता नदी आणि पाणी: अपेक्षा १,००० × ३०० भागिले १,००,०००, म्हणजे ३. प्रत्यक्षात २४. आठपट! बातमी इथे आहे.

ओढ्याच्या जोड्या १६० धरू. पाण्याबरोबर अपेक्षा ०.४८, प्रत्यक्षात ४, म्हणजे ८.३ पट. नदी ओढ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा आलेली असूनही पाण्याच्या रकान्यात दोघांचा आकडा जवळपास एकच निघाला. आणि कादंबरी? तिच्या ६५० जोड्या धरल्या तर पाण्याबरोबर अपेक्षा १.९५, प्रत्यक्षात १. अपेक्षेपेक्षा कमी.

या पटीचा लॉगॅरिदम घेतला की तक्त्यात भरायचा आकडा मिळतो. पाया २ धरला तर आठपटीचा ३ आणि एकपटीचा ०. म्हणजे ‘आहे’चा रकाना आपोआप पुसला जातो, कोणी यादी करायला नको. शून्याखालच्या आकड्यांना सहसा शून्यच करतात, कारण ‘कमी वेळा आले’ हे ठामपणे म्हणायला मजकूर फार मोठा लागतो. या मापाला पीएमआय म्हणतात. भाषेच्या संगणकीय अभ्यासात ते १९९० च्या सुमारास रूढ झालं.

याची एक खोड ओळखून असावं. पूर्ण मजकुरात एखादा शब्द दोनच जोड्यांत आला आणि त्यातली एक पाण्याबरोबरची असली, तर अपेक्षा ०.००६ आणि पट सुमारे १६७. एका योगायोगाच्या वाक्याने तो शब्द नदीपेक्षाही पाणीदार ठरतो. म्हणून दुर्मिळ शब्द आधीच वगळतात. एम्बेडिंग बनवणारं वर्ड२व्हेक हे साधन पाचपेक्षा कमी वेळा आलेला शब्द मुळात घेतच नाही, तुम्ही वेगळं सांगितलं नाही तर.

तयार फाइलमध्ये तर ३०० च आकडे असतात. हजारो रकान्यांचं काय झालं?

५०,००० शब्द घेतले तर तक्ता ५०,००० × ५०,००० चा होतो, म्हणजे २५० कोटी घरं, आणि बहुतेक रिकामी. तो तसा वापरणं जड जातं, म्हणून तो दाबून ३०० रकान्यांत बसवतात. पण आटोपशीरपणा हे दाबण्याचं एकमेव कारण नाही, माझ्या मते मोठं कारणही नाही.

समजा एक शब्द नेहमी ‘पाणी’च्या शेजारी येतो आणि दुसरा नेहमी ‘जल’च्या. मोठ्या तक्त्यात हे दोन वेगळे रकाने आहेत, म्हणून या दोन शब्दांचं कोसाइन शून्य. आपल्याला मात्र ठाऊक आहे की रकाने वेगळे असले तरी गोष्ट एकच. तक्ता ३०० रकान्यांत बसवायचा ठरवला की सारखे चालणारे रकाने एकमेकांत मिसळावेच लागतात. ‘पाणी’ आणि ‘जल’ जवळजवळ एकाच दिशेला येतात आणि त्यांच्या आधाराने ते दोन शब्दही जवळ येतात. दोघांना समान शेजारी एकही नसताना!

हे दाबण्याचं गणित, म्हणजे मॅट्रिक्सचे घटक पाडून त्यातले मोठे तेवढे ठेवणं, १९९० पासून शब्द आणि दस्तऐवजांच्या तक्त्यांवर वापरलं जातंय. २०१३ मध्ये गूगलमधल्या टोमास मिकोलोव आणि सहकाऱ्यांनी वर्ड२व्हेक आणलं. त्यात तक्ता मांडायचाच नाही, शेजारी ओळखण्याचा सराव करत आकडे हळूहळू सरकवायचे. पद्धत अगदी निराळी वाटते. पण २०१४ मध्ये ओमर लेव्ही आणि योआव गोल्डबर्ग यांनी दाखवलं की वर्ड२व्हेकची एक प्रमुख रीत आतून पीएमआयच्या तक्त्याचेच घटक पाडत असते, फक्त प्रत्येक घरातून एक ठरावीक आकडा वजा करून. म्हणून वरची कागदावरची मोजणी नीट कळली असेल, तर तयार एम्बेडिंगमध्ये काय साठवलंय हेही कळलं.

त्या ३०० आकड्यांतला, समजा, १७ वा आकडा काय सांगतो?

एकटा काहीच नाही. आपल्या तक्त्यात रकान्याला नाव होतं, दाबल्यावर ते गेलं. सगळे व्हेक्टर एकत्र कितीही फिरवले तरी त्यांच्यातले कोन तेच राहतात, पण प्रत्येक आकडा बदलतो. यातून व्यवहारातली एक सूचना निघते: वेगवेगळ्या फाइलमधले व्हेक्टर परस्परांशी ताडून बघू नका. एका फाइलमधली नदी आणि दुसऱ्या फाइलमधला ओढा यांच्या कोसाइनला अर्थ नाही, दोन्हींत ३०० च आकडे असले तरी.

‘गरम’ आणि ‘थंड’ एकमेकांच्या अगदी जवळ दिसतात. फाइल बिघडली आहे का?

फाइल ठीक आहे, अपेक्षा चुकली आहे. ‘पाणी ___ आहे’, ‘हवा ___ झाली’, ‘___ होण्याआधी’ या रिकाम्या जागांत दोन्ही शब्द बिनदिक्कत बसतात. संगत सारखी, म्हणून दिशा सारखी. व्हेक्टर सांगतो ते इतकंच की या शब्दाच्या जागी तो शब्द बसू शकेल का. वाक्य खरं राहील का, हे तो सांगत नाही.

तसं पाहिलं तर गरम आणि थंड यांच्यात साम्य आहेच. दोन्ही तापमान सांगतात, दोन्ही विशेषणं आहेत, दोन्ही त्याच वस्तूंना लागतात. फरक एकाच बाबतीत आहे, आणि ती बाब शेजाऱ्यांत क्वचितच उमटते. वाढणे-घटणे, विजय-पराभव, स्वस्त-महाग यांचं असंच. ग्राहकांच्या प्रतिक्रियांतून चांगलं-वाईट वेगळं काढायला कोणी नुसत्या शब्दांच्या कोसाइनवर विसंबला, तर नेमका इथे फसतो.

खिडकी लहान-मोठी केल्याने काय बदलतं?

‘जवळचा’ या शब्दाचा अर्थच बदलतो. खिडकी दोन शब्दांची ठेवली तर पकडले जातात ते अगदी लगतचे शब्द: कुठलं विशेषण लागतं, कुठलं क्रियापद येतं. मग नदीजवळ ओढा, कालवा, नाला असे तिच्या जागी बसणारे शब्द येतात. खिडकी दहा शब्दांची केली की वाक्याचा विषय आत येतो आणि नदीजवळ पूल, पूर, काठ, धरण येऊ लागतात. हे नदीसारखे नाहीत, नदीशी संबंधित आहेत.

या दोन गोष्टींची गल्लत मूल्यमापनातही बरीच वर्षं होत राहिली. माणसांनी शब्दजोड्यांना ० ते १० गुण दिलेल्या इंग्रजीतल्या दोन प्रसिद्ध याद्या आहेत. वर्डसिम-३५३ मध्ये ‘कपडे-कपाट’ या अर्थाच्या जोडीला ८ गुण आहेत. २०१५ च्या सिमलेक्स-९९९ मध्ये त्याच जोडीला १.९६, कारण तिथे गुण देणाऱ्यांना बजावलं होतं की संबंध नको, साम्य हवं. ‘किनारा-तीर’ या अर्थाच्या जोडीला मात्र दोन्हीकडे ९ च्या आसपास गुण आहेत. तेव्हा कोणी ‘आमचं एम्बेडिंग साम्य चांगलं पकडतं’ असं म्हटलं, तर कोणत्या यादीवर, हे विचारून घ्यावं.

राजा वजा पुरुष अधिक स्त्री बरोबर राणी. हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. या विषयावर लिहिणारा जो तो याच उदाहरणाने सुरुवात करतो, म्हणून मी ते मुद्दाम इतकं खाली ठेवलंय.

खरं ते असं: पुरुष आणि स्त्री या व्हेक्टरांमधला फरक आणि राजा व राणी यांच्यातला फरक ढोबळमानाने एकाच दिशेला असतो, कारण शेजाऱ्यांत होणारा बदल दोन्हीकडे सारखा असतो. सहसा न सांगितलं जाणारं ते असं: उत्तर शोधताना दिलेले तीन शब्द आधीच बाद केलेले असतात. ते केले नाहीत, तर सर्वांत जवळचा शब्द पुष्कळदा ‘राजा’ हाच निघतो. पुरुष आणि स्त्री एकमेकांच्या जवळच असल्याने त्यांच्यातला फरक छोटा असतो. तो राजात मिळवून आपण फार सरकत नाही. राजाजवळच राहतो, आणि राजाला हाकलून दिल्यावर पुढचा नंबर राणीचा लागतो.

याच वजाबाकीने मजकुरातले पूर्वग्रहही वर येतात. २०१६ मध्ये टोल्गा बोलुकबासी आणि सहकाऱ्यांनी बातम्यांच्या मजकुरावर बनलेल्या इंग्रजी एम्बेडिंगमध्ये दाखवलं की पुरुषाला जसा कॉम्प्युटर प्रोग्रॅमर, तशी स्त्रीला गृहिणी, अशी जुळणी हिशेबातून निघते. संगत मोजली की संगतीतला दोषही मोजला जातो.

मराठीत हे कितपत चालतं?

कल्पना तीच. पण मराठी शब्द रूपं बदलतो, आणि यंत्राला ‘नदी’, ‘नदीत’, ‘नदीला’, ‘नदीच्या’, ‘नद्यांवरून’ हे पाच निरनिराळे शब्द दिसतात. नदीच्या खात्यात जमा व्हायचे आकडे पाच खात्यांत विभागले जातात आणि ‘नद्यांवरून’सारख्या रूपाच्या वाट्याला इतकं थोडं येतं की वर सांगितलेली दुर्मिळ शब्दाची खोड आड येते.

लिंगाचाही परिणाम होतो. नदी मोठी, ओढा मोठा. नदी आटली, ओढा आटला. अर्थाने हे शेजारी एकच आहेत, पण मोजणीत ‘मोठी’ आणि ‘मोठा’ हे दोन रकाने. त्यामुळे नदी आणि ओढा यांच्यात व्याकरणाने पाचर मारली जाते आणि दुसरीकडे अर्थाने लांबचे दोन स्त्रीलिंगी शब्द थोडे जवळ खेचले जातात. मोजण्याआधी शब्द मूळ रूपात आणले की हे बरंच कमी होतं.

दुसरी वाट फास्टटेक्स्ट या एम्बेडिंग बनवणाऱ्या साधनाची. त्यात शब्दाचा व्हेक्टर त्याच्या तुकड्यांच्या व्हेक्टरांतून बनतो आणि तुकडे सहसा तीन ते सहा अक्षरचिन्हांचे असतात. ‘नदीच्या’ आणि ‘नदीत’ यांच्यात ‘नदी’ हा तुकडा सामाईक, म्हणून दोघे आपोआप जवळ येतात. मराठीची तयार फाइल `cc.mr.300.vec` या नावाने मिळते. मात्र देवनागरीत मात्रा आणि हलन्त ही युनिकोडची स्वतंत्र चिन्हं आहेत. ‘नदी’ हा आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, यंत्राला तीन चिन्हांचा: न, द आणि दीर्घ ईची मात्रा. तुकडा मधेच, अक्षर एकीकडे आणि मात्रा दुसरीकडे, असाही पडतो.

आता एक कीड, जी डोळ्यांना दिसतच नाही. ‘वाऱ्याचा’ यातला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याच्या ऱ चं चिन्ह असतं, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द, आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. ओळखायचं कसं? एखाद्या शब्दाच्या शेजाऱ्यांची यादी काढली आणि पहिल्याच क्रमांकावर हुबेहूब तोच शब्द दिसला, की समजायचं. मोजण्याआधी सगळीकडे एकच प्रकार करून घ्यायचा, दुसरा इलाज नाही.

‘पान’ म्हणजे झाडाचं की पुस्तकाचं? व्हेक्टर तर एकच आहे.

एकच आहे, म्हणून तो दोन्हींची सरमिसळ असतो. झाड, फांदी, हिरवं हे शेजारी एका दिशेला ओढतात. वाचणं, उलटणं, क्रमांक हे दुसऱ्या दिशेला. ज्या अर्थाने शब्द जास्त वेळा आला त्याची सरशी होते. मजकूर पुस्तकपरीक्षणांचा असेल तर पानाच्या शेजारी झाड दिसणारही नाही. वाक्यागणिक वेगळा व्हेक्टर देणारी मॉडेलं, उदाहरणार्थ एल्मो आणि बर्ट, २०१८ मध्ये आली ती याच अडचणीवर.

कोसाइन किती असलं की दोन शब्द सारखे म्हणायचे?

असा सार्वत्रिक आकडा नाही. ३०० आकड्यांचे दोन व्हेक्टर अगदी यदृच्छेने घेतले तर त्यांचं कोसाइन बहुतेक वेळा −०.१२ ते ०.१२ च्या मध्ये पडतं. त्या हिशेबाने ०.४ सुद्धा मोठं. पण खऱ्या एम्बेडिंगमध्ये सगळे व्हेक्टर थोडेफार एका बाजूला कललेले असतात, त्यामुळे काही फाइलमध्ये कशाचाही कशाशी संबंध नसताना ०.३ येतं. सगळ्या व्हेक्टरांची सरासरी काढून ती प्रत्येकातून वजा केली की हा कल बराच जातो.

म्हणून आकडा न बघता क्रम बघावा. तुमच्या कामातले वीसेक शब्द घ्या, काही रोजचे, काही क्वचित येणारे, आणि प्रत्येकाचे पहिले दहा शेजारी काढून वाचा. शेजारी त्याच शब्दाच्या जागी बसणारे आहेत, की त्याच विषयातले, की त्याच शब्दाची विभक्तीची रूपं, हे पाच मिनिटांत दिसतं. क्वचित येणाऱ्या शब्दाच्या शेजारी आडनावं, अर्धवट तुटलेले शब्द आणि टायपिंगच्या चुका दिसल्या, तर त्याच्या व्हेक्टरवर विसंबू नका. त्या शब्दाला मजकुरात पुरेशी संगतच मिळालेली नसते.